उत्तर न आल्यास होकार

बुधवारी संध्याकाळी सहा वाजता मी केस विंचरायचे, धुतलेला कुर्ता घालायचे आणि लॅपटॉपसमोर बसायचे. आठवड्यातून एवढं एकदाच मी नटायचे. लातूरला दोन खोल्यांत एकटी राहून मी एका परदेशी कंपनीच्या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहिते. साडेसहाला मीटिंग सुरू व्हायची. "ऐकू येतंय ना माझं?" हे माझं ठरलेलं पहिलं वाक्य. त्यावर लिस्बनमधला आमचा प्रमुख आणि टोरांटोच्या दोघी एका दमात म्हणायचे, "येतंय, येतंय!" बाकीचे सहा दिवस बोलायला दूधवाला, तोही घाईत.

आमच्या गटातले आणखी दोघं या मीटिंगला कधीच नसायचे. आमच्या साडेसहाला सिडनीत झोपायची वेळ झालेली असते आणि सिअ‍ॅटलला धड उजाडलेलं नसतं. म्हणून मीटिंग रेकॉर्ड व्हायची आणि गुरुवारी मी ती पुन्हा ऐकून टिपण लिहायचे. वर काय ठरलं ते, खाली काय राहिलं ते. मग गैरहजर माणसाच्या नावाखाली त्याच्यासाठीचे प्रश्न, रेकॉर्डिंगमधलं कितवं मिनिट ऐकायचं ते, आणि उत्तर कधीपर्यंत हवं ते त्याच्या गावच्या घड्याळाप्रमाणे. एकदा सिडनीवाल्याने उत्तरच दिलं नाही, काम दोन आठवडे लटकलं. मी वैतागले आणि टिपणाच्या नमुन्यात एक ओळ कायमची घातली: मुदतीत उत्तर न आल्यास होकार धरला जाईल. सगळ्यांनी वाहवा केली. मीही फुगले.

तीन वर्षांत मी एकच बुधवार चुकवला. निलंग्याला चुलतबहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता. तिथं काकूनं गाठलंच.

"घरात बसून काय करायलीस गं? एकटीच बोलती म्हणं कॉम्प्युटरसंगं."

"एकटी न्हाई काकू, माणसं हायत पलीकडं."

"व्हय? मंग एखादं आणायचंस की साखरपुड्याला."

बायका हसल्या, मीही हसले. मनातून मात्र लई लागलं.

गुरुवारी सकाळी एसटीनं परतले आणि टिपण उघडलं. टोरांटोच्या एकीनं माझ्याच नमुन्यावर लिहिलं होतं. या वेळी गैरहजरांत तिसरं नाव माझं होतं. पहिला प्रश्न पुस्तकातल्या चित्रांचा. दुसरा असा: बुधवारची मीटिंग बंद करून प्रत्येकाने पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठवावं असा विचार आहे, हजर असलेल्यांची तयारी आहे, तुझी हरकत आहे का? मिनिट एकतीस. उत्तर शुक्रवार संध्याकाळी सहापर्यंत, भारतीय वेळ. त्याखाली माझी ती ओळ.

मी एकतिसावं मिनिट लावलं. टोरांटोची म्हणत होती, "तिला चालेल ना?" त्यावर प्रमुख म्हणाला, "तिला का नाही चालणार? तिचं टिपण इतकं चोख असतं की कुणाला मीटिंगला येण्याची गरजच पडत नाही." मग तिघंही हसले. वाईट काहीच नव्हतं त्या हसण्यात, कौतुकच होतं. मी ते पाच वेळा ऐकलं आणि पाचही वेळा रडू आलं.

चित्रांच्या प्रश्नाचं उत्तर लगेच दिलं. दुसऱ्याखाली लिहिलं, "हरकत आहे." पण कारण काय द्यायचं? कामाचं एकही कारण नव्हतं. मग खरं तेच लिहिलं: आठवड्यात तेवढा एकच तास मला कुणी नावानं हाक मारतं. वाचून माझीच मला लाज वाटली. चार देशांच्या माणसांपुढं हा पदर कशाला पसरायचा? पुसून टाकलं. "हरकत नाही" लिहिलं, तेही पुसलं, कारण ते धडधडीत खोटं होतं.

शुक्रवारी सहा वाजले तेव्हा मी खुर्चीतच होते. घड्याळाकडे बघत होते आणि हात मांडीवर होते. शनिवारी टिपणात माझ्या नावापुढे नोंद पडली: उत्तर नाही, होकार धरला.

पुढच्या बुधवारी सवयीनं केस विंचरले, कुर्ता घातला. साडेसहाला माझं पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग सुरू केलं. पडद्यावर मी एकटीच. तोंडातून आपसूक निघालं, "ऐकू येतंय ना माझं?"

आणि मी थांबले. चांगलं अर्धं मिनिट थांबले.