काउंटरच्या ताईंची रजा
सकाळच्या फेरीत आम्ही दोघी दोन मैल चाललो, तरी दवाखान्याच्या काउंटरवरच्या ताई दवाखान्याच्या दारावर लावलेल्या सूचनेबद्दलच बोलत होत्या. डॉक्टर बारा ते एकवीस तारखेपर्यंत रजेवर. बदली डॉक्टर पलीकडच्या गल्लीतल्या बाई. ठरलेली वेळ बदलायची तर काउंटरवर फोन करावा.

"म्हणजे मलाच," ताई म्हणाल्या. "माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन चौदाला. तिसऱ्यांदा पुढे ढकलू?"

"डॉक्टरांना सांगा की."

"ते म्हणतात, ताई, तुमच्याशिवाय इथलं पान हलत नाही."

"हे आपण देवाबद्दल म्हणतो," मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"मला लिहिताना ओळ दिसत नाही. सूचनेखाली तुम्ही लिहून द्या: काउंटरच्या ताई चौदा ते सोळा रजेवर, तेव्हा फोन बदली डॉक्टरांकडे करावा. चिकटवायचं मी बघते."