वारा नव्हता म्हणून

लेक दुपारी नागपूरहून बाळाला घेऊन येणार होती, पहिल्यांदाच माहेरी, आणि त्याच दिवशी सकाळी आमच्या व्हॅक्यूम क्लीनरने मान टाकली. गुरगुर नेहमीपेक्षा मोठी, पण जमिनीवरचं एक कुसळ उचलेल तर शपथ. वर करपल्यासारखा गरम वास.

बाळ वेळेआधी झालेलं, छाती नाजूक. धुळीपासून जपा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. लेकीने फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, "आई, खोलीत धूळ दिसली तर मी आल्या पावली वापस जाईन." धानाच्या दिवसांत लाखनीजवळच्या कुठल्या घरात धूळ नसते? झाडू मारला की ती उठते आणि परत तिथंच बसते. म्हणून तर लेकीने दिवाळीत हे यंत्र पाठवलं होतं.

मी बटण बंद केलं, परत चालू केलं. नवऱ्याने येऊन पिनच काढून घेतली.

"जळवतेस का मोटार? थांब जराशी."

थांबणं मला जन्मात जमलेलं नाही. त्यांनी झाकण उघडलं तर आतली कापडी पिशवी टम्म. त्यात कोंडा, पोचट धान, तणसाच्या वाळक्या काड्या. पिशवीमागचा स्पंजचा फिल्टर मातीच्या ढेकळासारखा झालेला. मी घरात कधी धान ओढलं नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी फिल्टर उलटा केला.

"वारा नव्हता ना परवा," ते म्हणाले. "मागून हवा फेकते हे मशीन. नळी मागं लावली अन् धान उफणलं."

"धान उफणलं? यानं?"

"लेकीसाठी बारीक तांदूळ काढाचा होता. मस्त उडून राहिला होता कोंडा. मग खाली पडलेलं ओलं तणस त्याच नळीनं ओढून घेतलं."

उडून राहिला होता, आणि पुढच्या उघड्या तोंडातून तोच परत आत जाऊन राहिला होता! मी इतकी चिडले की मला रडूच आलं. दोन महिने मी त्या बाळाला फोनच्या काचेत पाहत होते. आता ते दारातूनच माघारी गेलं असतं, तेही उफणणीपायी.

त्यांनी पिशवी रिकामी केली, फिल्टर झटकून साध्या पाण्यात धुतला. यंत्राच्या तोंडावर तळवा धरून क्षणभर चालू केलं. ओढ चांगली होती. नळी लावली की ओढ गायब. म्हणजे नळीही तुंबलेली. ती अंगणात सरळ ताणून त्यांनी आत काचेची गोटी सोडली, ती अर्ध्यातच अडकली. काठीने खुपसू नका म्हणून मी ओरडले, नळी फाटली असती. मग बागेचा पाइप हळूहळू आत सरकवला, तेव्हा तणसाचा ओला बोळा बाहेर आला. आत धान उगवायचंच बाकी होतं.

पण करपट वास राहिलाच. मोटार मध्येच दम टाकायची, मागच्या फटीतून निळ्या ठिणग्या दिसायच्या. ते मोटारसायकलवर यंत्र बांधून लाखनीला, पंपाच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. मी पडदे काढले, पलंग पुसला, घड्याळ पाहिलं, परत पलंग पुसला. स्पंज उन्हात टाकला होता. तो मी दर थोड्या वेळाने दाबून पाहत होते. ओलाच लावला तर आत चिखल आणि मोटारीला ओलावा, हे ते जाताना तीनदा सांगून गेले होते. हात शिवशिवत होते तरी मी लावला नाही.

ते परतले. मोटारीला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे झिजून नखाएवढे उरले होते, नवे घातले होते. "थोड्याशा ठिणग्या दिसतील सुरवातीले, बसतील म्हणे ते." मी पुढचं ऐकलंच नाही. स्पंज एव्हाना कोरडा झाला होता. बसवला, आणि ओढ अशी की चादर पकडून ओढत होतं यंत्र. पलंगाखाली, कपाटामागे, गादीच्या शिवणीत मी वेड्यासारखी फिरले. ते तेवढ्यात आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ओसरीवर जाऊन बसले.

गाडी थांबली. लेक सरळ खोलीत गेली, खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवलं, बोट पाहिलं आणि हसली.

"आई, घे ना बाळाले."

मी हात पुढे केले आणि तेव्हाच मला माझे हात दिसले. कोपरापर्यंत कोंडा, पदरावर माती, केसांत तणस. सगळ्या घरात धूळ उरली होती ती माझ्याच अंगावर. मी हात मागे घेतले.

"दे इकडं," नवरा म्हणाला. सगळा घोटाळा ज्याने केला, त्याच्याच कुशीत माझा नातू पहिल्यांदा गेला. "जा, तू आंघोळ कर. पाणी तापू दे आधी, थंडी आहे."

मी पाणी तापू दिलं नाही.