तेवढी सावली

तेर गावच्या पंचायतीच्या नव्या इमारतीचा फोटो काढताना एक म्हातारा डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन ऐन मधनं गेला. सरपंच खेकसले, "ह्याला फोटोतनं काढून टाका." मी कॅमेऱ्याचं स्टँड तसूभरही हलवलं नाही. म्हातारा गेल्यावर रिकाम्या अंगणाचा लगेच दुसरा फोटो घेतला.

उस्मानाबादेत माझ्या स्टुडिओतल्या अंधाऱ्या खोलीत काळ्या कागदाची दोन झाकणं कापली. पहिली निगेटिव्ह छापताना म्हाताऱ्याची तेवढी जागा झाकली. मग त्याच कागदावर बाकी सगळं झाकून, त्याच्या जागी दुसऱ्या निगेटिव्हमधलं रिकामं अंगण छापलं. म्हातारा गायब! मला भलतीच फुशारकी चढली. एक प्रत दुकानाच्या काचेत लावली.

बाजारच्या दिवशी म्हातारा बायकोला घेऊन आला. आपला जन्मातला पहिला फोटो तिला दाखवायचा होता. काचेवर बोट टेकवून बराच वेळ बघून म्हणाला, "इथं होतो म्या."

बायको वाकली. "ही सावली तुमचीच की! पेंढीसकट."

माणूस झाकताना मी जमिनीवरची सावली विसरलो होतो. चूक चारचौघांत उघडी पडली म्हणून माझं डोकं फिरलं. पहिली निगेटिव्ह खणातच होती, त्याला एक प्रत सहज छापून देता आली असती. ते सुचलंच नाही. मी तोऱ्यात म्हणालो, "तीबी काढून टाकतो उद्या."

म्हाताऱ्यानं हात जोडले.

"ऱ्हाऊ द्या की मालक, तेवढी."