केराबाईंच्या चटणीची निमंत्रणपत्रिका

माझा छापखाना लग्नपत्रिकांवर चालायचा. आता लोक मोबाईलवर गणपती नाचवतात, वर सनई वाजवतात आणि लग्न लावून मोकळे होतात. त्यामुळे हाती वेळ फार आणि काम कमी, अशा अवस्थेत केराबाई माझ्याकडे आल्या आणि मी त्यांचं नुकसान केलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी माझ्याकडे संशयाने बघणार नाही.

केराबाई अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत राहतात. गाव सांगोल्याकडचं, माहेरी मेंढरं. नवऱ्यामागे सोलापुरात आल्या, नवरा गेल्यावर उखळात शेंगा कुटायला बसल्या. त्यांची शेंगाची चटणी तेल सुटेपर्यंत कुटलेली असते, मिक्सरचं नाव काढलं तरी त्या उठून जातात. जोडीला कारळ्याची, जवसाची आणि कडक भाकरी. टॉवेलच्या कारखान्यांतले कामगार, दोन शिक्षिका, एक बँकेतल्या बाई, अशी साठेक घरं त्यांची नेहमीची. नेहमीचे असल्यामुळे त्यातलं एकही घर कधी घासाघीस केल्याशिवाय पाकीट उचलत नाही. चारशे रुपये किलो म्हटलं की समोरून पहिला शब्द ‘अबब’ येतो. केराबाई दहा रुपये सोडतात, गिऱ्हाईक जिंकल्याच्या आनंदात घरी जातं.

तर बचत गटांच्या प्रदर्शनात त्यांना तेवीस नंबरचा स्टॉल मिळाला. शुक्रवार सहा ते सोमवार नऊ फेब्रुवारी. आयोजकांनी एक गोष्ट कानात सांगितली होती. पुण्याचे एक दुकानदार शुक्रवारी दुपारी येणार, सगळ्या चटण्या चाखणार आणि एकीची निवड करून दर महिन्याची मागणी देणार. केराबाईंचं सगळं लक्ष त्या एका माणसावर. गल्लीतल्या साठ घरांनी खाऊन खाऊन किती खावं? चटणी बाहेर गेली तरच सून सुकन्या कारखान्यातली दिवसपाळी सोडून घरी बसू शकेल, असा त्यांचा हिशेब.

आयोजकांनी असंही सुचवलं होतं की गुरुवारी, मांडामांड झाल्यावर, चार ते आठ या वेळात आपापल्या जुन्या गिऱ्हाइकांना बोलवा. थोडी सूट द्या. गर्दी दिसली की शुक्रवारला जोर येतो. सुकन्याने मोबाईलवर चार ओळी लिहून आणल्या: गुरुवार पाच तारीख, चार ते आठ, शेंगा, कारळं, जवस, कडक भाकरी, कार्ड दाखवणाऱ्यास पंधरा टक्के सूट, एका कार्डावर अर्धा किलोपर्यंत.

शेवटची ओळ वाचून माझ्या अंगावर काटा आला.

“सुकन्या, आमंत्रणात कुणी माप लिहितं का? जेवायला बोलावून दोनच पोळ्या मिळतील म्हणून छापतेस?”

“पण मामा, माल मोजका हाय. साठ किलो शेंगा कुटायलाच आत्यांना बारा दिस लागलेत.”

“माणसं आपली आहेत. समजून घेतील.”

चाळीस वर्षं पत्रिका छापल्यावर माणसाला वाटतं की आपल्याला माणसं कळतात. मी जुना मजकूर काढला, नवरानवरीच्या जागी चटणी बसवली: ‘आमचे येथे श्रीकृपेकरून शेंगाची चटणी, कारळ्याची चटणी, जवसाची चटणी व कडक भाकरी यांचे विक्रीप्रदर्शन योजिले आहे. शुक्रवारच्या उद्घाटनापूर्वी गुरुवारी पत्रिका दाखविणाऱ्यांस सर्व मालावर पंधरा टक्के सूट. तरी आपण सहकुटुंब, सहपरिवार, इष्टमित्रांसह अगत्याने येऊन शोभा वाढवावी.’ वर गणपती, खाली तोरण.

केराबाईंना वाचता येत नाही, पण सोनेरी शाई कळते. “अण्णा, लई झकास झालं की. माझ्या लग्नाला बी असला कागुद न्हवता.” त्यांनी साठ पत्रिका हळदीकुंकू लावून घरोघर स्वतः दिल्या. फोनवरचं बोलावणं त्यांच्या हिशेबात बोलावणंच नाही.

पहिला परिणाम दुसऱ्याच दिवशी दिसला. गल्लीतली विक्री बंद झाली. गुरुवारी स्वस्त मिळणार असताना सोमवारी पूर्ण भावाने घेणारा माणूस सोलापुरात अजून जन्मायचा आहे. वर काही जणांनी विचारलं, “म्हणजे इतके दिवस पंधरा टक्के जास्तच घेत होतीस की काय गं?” केराबाई त्या रात्री जेवल्या नाहीत.

गुरुवारी चार वाजता सगळे आले. मी लिहिलं होतं, तसेच आले. सहकुटुंब आले, सहपरिवार आले. शिक्षिका रुपालीताई एक पत्रिका आणि चौदा माणसं घेऊन आल्या, त्यात टेंभुर्णीची नणंद आणि नणंदेच्या शेजारणी. त्या प्रत्येकीला पुण्यामुंबईत कुणी ना कुणी होतं आणि त्या कुणाला ना कुणाला चटणी पाठवायची होती. सुकन्या म्हणाली, “ताई, अर्धा किलोच घ्या की.” रुपालीताईंनी चष्मा चढवला, पत्रिका आडवी-उभी वाचली आणि विचारलं, “कुठं लिहिलंय?”

कुठंच लिहिलं नव्हतं. मी मागे खुर्चीवर बसून पत्रिकेवरच्या तोरणाकडे बघत होतो.

साडेसहाला शेंगा संपल्या, सातला कारळं आणि जवस, आठच्या आत भाकरीचा चुरासुद्धा. लोकांनी जाताना शोभा वाढवल्याबद्दल चहा मागितला. शुक्रवारी सकाळी तेवीस नंबरच्या स्टॉलवर पांढरी चादर, एक रिकामी परात आणि केराबाई. उखळात एका रात्रीत काही होत नाही. दुकानदार दुपारी येणार होता आणि त्याला चाखवायला बोटभर चटणी नव्हती. केराबाई रिकामी परात पदरानं पुसत बसल्या होत्या. त्याची मला जास्त लाज वाटली.

मी रिक्षा केली आणि त्यांना घेऊन रुपालीताईंचं घर गाठलं. ओसरीवर चटणीची पाकिटं रचून ठेवलेली. म्हटलं, अर्धा किलो द्या, पुढच्या आठवड्यात ताजी आणून देतो.

“देते की, त्यात काय,” रुपालीताई म्हणाल्या. “दोनशे रुपये.”

“काल तुम्ही एकशे सत्तरला घेतलीत!”

“काल सूट होती, काका. आज शुक्रवार ना? आज पूर्ण भाव. आणि हातानं कुटलेली आहे, तेल बघा की कसं सुटलंय. चारशेला स्वस्तच आहे ही.”

माझा पारा चढला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात केराबाईंनी कमरेची पिशवी सोडली. स्वतःच्या चटणीचे दोनशे रुपये त्यांनी रुपालीताईंच्या हातावर ठेवले. एक रुपया कमी करा म्हणाल्या नाहीत. रिक्षात बसल्यावर त्या पदर तोंडाला लावून हलायला लागल्या. मला वाटलं, रडतायत. बघतो तर हसत होत्या.

“अण्णा, आयकलं न्हवं? पंचवीस वर्सं ती बाई मला म्हागाई सांगती. ईकायला बसली तर लगीच म्हनती, चारशेला सस्ती हाय.”

दुकानदार साडेबाराला आला. माणूस जाणता होता. चिमूटभर तोंडात टाकली, डोळे मिटले, पुन्हा चिमूट घेतली. मग व्यापाऱ्याच्या आवाजात म्हणाला, “चव चांगली आहे, आजी. पण महिन्याला वीस किलो घ्यायची तर किलोला किती कमी कराल?”

सुकन्याने सासूचा हात दाबला. मीही मनात म्हटलं, सोडा पन्नास, माणूस जाईल हातचा.

केराबाईंनी परात त्याच्यापुढून थोडी आपल्याकडे ओढली. “चारशे,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडं शिकलेल्या मास्तरीणबाई हायत. आज सकाळी त्येंनी बी चारशेच्या भावानं ईकली.”

तो गोंधळला, हसला, चादरीवरच्या परातीतली आणखी एक चिमूट त्याने उचलली आणि वही काढून वीस किलो लिहिले.