पाय नंतर बघू

“उद्या तो बोलिंग टाकणार नाही.”

“टाकणार.”

“अहो दादा, त्याच्या कण्याच्या हाडाला भेग आहे!”

“भेग आहे ना? तुटलं तर नाही?”

“तुम्ही वेल्डर आहात आणि हे मला विचारताय?”

“वेल्डर आहे म्हणूनच विचारतोय. भेगा पडलेली किती यंत्रं चाललेली बघितलीत मी. एक दिवस. एकच दिवस चालायचंय त्याला, सर!”

शाळा सुटून दहा मिनिटं झाली होती आणि जिन्याखालच्या खेळाच्या खोलीत हे दोघे एकमेकांवर ओरडत होते. खोली कसली, कपाटच म्हणायचं. एका बाजूला घामाने कडक झालेले पॅड, दुसऱ्या बाजूला पोत्यात भरलेले स्टंप, आणि मधे जेमतेम दोन माणसं नाकाला नाक लावून उभी राहतील एवढी जागा. वेल्डर कामावरून तसाच आला होता. त्याच्या शर्टाला ठिणग्यांनी पाडलेली बारीक भोकं होती. समोर गळ्यात शिट्टी घातलेले सर. हातात एमआरआयचा रिपोर्ट, तोही उलटा धरलेला.

“मागच्या महिन्यात माझ्या दुकानात येऊन काय म्हणालात?” वेल्डरने बोट रोखलं. “चार गिऱ्हाइकांसमोर! ‘बाकीची पोरं तिसऱ्या ओव्हरला जीभ बाहेर काढतात, तुमचं इंजिन दहाव्या ओव्हरलाही गरम होत नाही.’ म्हणालात की नाही?”

“म्हणालो.”

“‘या वर्षी जिल्ह्याच्या संघात नाही गेला तर मी शिट्टी काढून ठेवीन.’ हेही तुम्हीच. सोळा वर्षांखालची उद्याची ही शेवटची निवड. पुढच्या वर्षी याचं वय थांबणार आहे का?”

स्वतःचेच शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यासारखी शिक्षा नाही. माणसाला ते खोडताही येत नाहीत आणि गिळताही येत नाहीत.

सगळी शाळा त्यांना शिट्टी सर म्हणायची. बावीस वर्षं एकच मैदान, एकच शिट्टी. तरुणपणी ते स्वतः मध्यमगती गोलंदाज होते. उंची बेताची, दम त्याहून बेताचा. पाचव्या ओव्हरला छातीचा भाता व्हायचा. एका निवड चाचणीत तर ते रनअपच्या मधेच थांबले होते आणि खुर्चीतल्या निवडकर्त्याने त्यांच्याकडे न बघता पुढचं नाव पुकारलं होतं. ते पुकारणं त्यांच्या कानातून कधी गेलंच नाही. पुढे मास्तर झाले आणि बावीस वर्षांत त्यांच्या हाताखालचा एकही मुलगा जिल्ह्याच्या संघात गेला नाही. शिक्षकांच्या खोलीत थट्टा व्हायची, “सर, तुमचा कारखाना जोरात आहे, माल कुठे जातो तेवढं सांगा.” सर सगळ्यांत मोठ्याने हसायचे.

आणि मग हा वेल्डरचा मुलगा आला. ना उंच ना बुटका, रांगेत उभा केला तर बरोबर मधला. पण मैदानाला वीस फेऱ्या मारून हा म्हणायचा, “सर, अजून?” इंजिन हे नाव सरांनीच ठेवलं. मुलांच्या तोंडी ते इतकं बसलं की हजेरीत खरं नाव पुकारलं तर तो स्वतःच अर्धा क्षण उशिरा ‘हजर’ म्हणायचा.

इंजिनची अडचण एवढीच, की उंची मध्यम, त्यामुळे चेंडूला उसळी नाही. फलंदाज पुढे येऊन आरामात खेळायचे. सरांनी डोकं लावलं. उसळी नाही तर स्विंग देऊ. इंजिनची ॲक्शन मुळात समोरून येणारी, छाती फलंदाजाकडे. तशीच चांगली होती. पण आंतरशालेय स्पर्धा आठ दिवसांवर आलेली. एका संध्याकाळी सरांनी त्याचे खांदे धरून वळवले. “डावा खांदा फलंदाजाकडे. त्या खांद्यावरून बघ. हां! असं!”

“आणि पाय, सर?” पोराने विचारलं होतं. “मागचा पाय सरळच पडतोय.”

“पाय नंतर बघू. आधी खांदा बसू दे.”

चेंडू बाहेर वळायला लागला. विकेटा पडायला लागल्या. आणि विकेटा पडत असताना पायाकडे कोण बघतो? स्पर्धेत सरांनी त्याला एका दमात दहा-दहा ओव्हर टाकायला लावल्या. त्या वयाच्या पोराला एका वेळी पाच-सहाच द्याव्यात हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण तो थकतच नव्हता ना! वर रोज संध्याकाळी नेटमध्ये शंभर चेंडू. वहीत विकेटा लिहिल्या जायच्या. चेंडू कुणी मोजले नाहीत.

परवा सरांचे डोळे उघडले ते एका क्षुल्लक गोष्टीने. इंजिनने जमिनीवरचा चेंडू वाकून नाही, गुडघे मोडून उचलला. म्हाताऱ्या माणसासारखा. सरांनी त्याला एका पायावर उभं राहून मागे झुकायला सांगितलं. डाव्या पायावर उभा राहून झुकला आणि पोराने ओठ असे चावले, की पुढे काही विचारायची गरज उरली नाही.

त्यांची एक जुनी विद्यार्थिनी, जिला शाळेत सगळे खारूताई म्हणायचे, आता फिजिओ झाली होती. तिने तपासलं, डॉक्टरांकडे पाठवून एमआरआय करून घेतला, आणि काल संध्याकाळी सरांना एकट्याला बोलावलं. मोबाइलवर इंजिनच्या बोलिंगचा व्हिडिओ लावून तिने एका जागी थांबवला.

“सर, कंबर बघा. समोर. आता खांदे बघा. आडवे. एकाच क्षणी! हाताने पिरगळलेलं फडकं असतं ना, तशी पाठ होते ही. दर चेंडूला. दमणारं पोर असतं तर कधीच थांबलं असतं. याचा दमच याच्या मुळावर आला.”

“बरं होईल ना?”

“कमीत कमी तीन महिने बोलिंग बंद. धावणंही बंद. मग हळूहळू. आत्ता टाकली तर भेग आरपार जाईल, आणि मग पाठ जन्माची.” तिने मान वर केली. “सर, ही ॲक्शन शिकवली कुणी?”

बावीस वर्षं मुलांना ‘आउट असाल तर स्वतःहून चालू लागा’ असं शिकवणारा माणूस म्हणाला, “आपोआप आली असेल.”

ते वाक्य काल संध्याकाळपासून त्यांच्या मागे लागलं होतं.

“सर?” वेल्डर आता हात जोडून उभा होता, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. “पट्टा बांधतो. गोळी देतो. सहाच ओव्हर असतात चाचणीला. तुम्ही फक्त गप्प बसा.”

“दादा, क्रेनच्या हुकाला केसाएवढी भेग दिसली, तर एक दिवस चालवाल?”

वेल्डरचे हात खाली आले. त्याने शर्टाचं एक भोक बोटाने चाचपलं. मग हळूच म्हणाला, “हूक बदलता येतो, सर. पोराचं हे वर्ष कुठून आणू?”

“आणि पाठ कुठून आणाल?”

दार ढकललं गेलं. इंजिन आत आला. खांद्याला किटबॅग. दोघांची तोंडं बघून त्याने काय ते ओळखलं.

“मी टाकणार आहे,” तो म्हणाला. “एवढं काही दुखत नाही.”

“चेंडू उचल.” सरांनी एक चेंडू त्याच्या पायाशी सोडला. “वाकून. गुडघे न मोडता.”

इंजिनने चेंडूकडे बघितलं. बापाकडे बघितलं. उचलला नाही.

वेल्डर पॅडच्या ढिगावर मटकन बसला.

“दुखतंय हे मी सांगितलं होतं,” इंजिन म्हणाला. आवाज बारीक होता, पण एकेक शब्द सुटा. “सेमीफायनलच्या आधी. याच खोलीत. आठवतंय का सर?”

“आठवतंय.”

“काय म्हणाला होतात?”

सर शिट्टीच्या दोरीशी खेळत राहिले.

“सांगा ना. बाबांना पण कळू दे.”

“म्हणालो… दुखतंय म्हणजे ताकद येतेय.”

“मग मला वाटलं ताकद येतेय.”

बाहेर कुणीतरी घंटेवर खडा मारून पळालं.

“ऐका,” सर म्हणाले. “दोघंही ऐका. ही भेग आपोआप नाही पडली. याचे खांदे मी वळवले आणि पाय तसेच सोडले. घाई माझी होती. ओव्हर मी टाकायला लावल्या. याच्याकडे दम होता आणि मला तो लहानपणापासून हवा होता. बस. एवढंच आहे.”

त्यांनी खिशातून फोन काढला. दोनदा चुकीचं नाव लागलं.

“सर, नका!” इंजिन पुढे झाला. “सर, प्लीज! मी चारच टाकतो! हळू टाकतो! सर!”

“हॅलो… निवड समिती? हो, मी शाळेतून. उद्याच्या यादीतलं आमचं नाव काढायचंय… हो, एकच होतं. तेच… पाठीला दुखापत. नाही, पडला नाही. कारण लिहा, प्रशिक्षकाची चूक.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. “बरोबर ऐकलंत. प्रशिक्षकाची. माझी.”

फोन खाली आला. वेल्डरने तोंडावर दोन्ही तळवे दाबून धरले होते. बोटांमधून फक्त एवढंच आलं, “काल त्याच्या आईने पांढरे कपडे इस्त्री करून ठेवले हो.”

इंजिन रडला नाही. रडला असता तर सरांना जवळ जाता आलं असतं. तो मधोमध नुसता उभा होता, मैदान संपल्यावर कुठे जायचं हे माहीत नसल्यासारखा.

“तीन महिने,” सर म्हणाले. आवाज त्यांचाच, पण शिट्टीतली गोटी हरवल्यावर येतो तसा. “डॉक्टरांनी हो म्हटलं, की आपण पहिल्यापासून सुरू करू. पायापासून. तुझी आधीची ॲक्शन चांगलीच होती रे, मीच… रोज सहाच चेंडू. मी मोजीन. एकेक मोजीन. सोळा नाही तर एकोणीस वर्षांखालची असते निवड. येशील ना?”

इंजिनने किटबॅग उतरवली. चेन उघडून नवाकोरा लाल चेंडू काढला. स्पर्धेनंतर सरांनीच दिला होता तो, अजून एकदाही न टाकलेला. त्याने तो स्टंपांच्या पोत्यावर ठेवला. मग बॅग उचलायला, पाठ ताठ ठेवून, गुडघ्यांत हळूहळू खाली गेला आणि तसाच वर आला.

“बाळा, येशील ना?”

तो दाराबाहेर पडला. मैदानाला वळसा घालून जायचा सरांचा नियम सोडून, पिचच्या मधूनच, फाटकाकडे चालत गेला.