छान झालंय म्हटल्यावर

दाताच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली होती. तिथे कवळीकाका गेली एकवीस वर्षं माणसांचे दात घडवत होते. डॉक्टर समोरच्या खोलीत पेशंटच्या तोंडाचं माप घ्यायचे आणि प्लास्टरचा साचा मागे पाठवायचे. मग काका गुलाबी मेणात एकेक दात बसवायचे, चिमटीने हलवायचे, डोळे बारीक करून बघायचे आणि पुन्हा हलवायचे. ज्यांच्या तोंडात ते दात जायचे, ती माणसं त्यांना क्वचितच दिसायची. पण साचा पाहून ते नेमकं सांगायचे, ‘हा माणूस रात्री दात खातो’ किंवा ‘ही बाई डावीकडूनच चावते.’ कुतूहल हा त्यांचा जुना आजार होता.

एका सोमवारी सकाळी एक निवृत्त शिक्षिका थेट मागच्या खोलीत येऊन उभ्या राहिल्या. दोन आठवड्यांपूर्वीच त्यांची वरची कवळी इथून गेली होती.

“दात तुम्हीच बनवलेत ना?” बाईंनी विचारलं. “काल भाचीकडे गेले होते. दोन वर्षांनी तोंडावर हात न ठेवता हसले. ती म्हणाली, मावशी, तू पहिल्यासारखी दिसतेस. म्हटलं, ज्याने केलंय त्याला सांगून यावं.”

काकांचे कान तापले. कुणी कौतुक केलं की त्यांना कधी एकदा ते अंगावरून झटकून टाकतो असं व्हायचं.

“छे हो, त्यात काय एवढं! मापं डॉक्टरांनी घेतलेली. मी आपलं मेण लावलं.” एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण बाई अजून हसतच होत्या, म्हणून काका आणखी एक पायरी खाली उतरले. “खरं सांगू का, तो डावीकडचा सुळा मला जरा वाकडाच वाटतो.”

बाईंचं हसू ओठांवरच थांबलं. “हो का?” म्हणाल्या आणि निघून गेल्या. आपण नम्रपणे वागलो, असं समजून काका पुन्हा कामाला लागले.

गुरुवारी बाई परत आल्या. या वेळी तोंडावर हात होता.

“तो सुळा सरळ करून द्या,” त्या म्हणाल्या. “तुम्ही सांगितल्यापासून आरशात दुसरं काही दिसतच नाही. भाचीला विचारलं, तर म्हणे काही वाकडं नाही. पण बनवणाराच म्हणतोय म्हटल्यावर तिचं कोण ऐकणार?”

काकांनी कवळी हातात घेतली आणि त्यांना घाम फुटला. सुळा वाकडा होता, पण तो त्यांनी मुद्दाम वाकडा बसवला होता! बाईंनी डॉक्टरांना तरुणपणीचा एक फोटो दिला होता. त्यात डावा सुळा शेजारच्या दातावर किंचित चढलेला दिसत होता. तेवढाच तिरका बसावा म्हणून काकांनी एक अख्खी दुपार घालवली होती. आणि आपलं सगळ्यात चांगलं काम त्यांनी स्वतःच चूक म्हणून सांगून टाकलं होतं.

“दोन दिवस द्या मला,” एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

ते दोन दिवस त्यांनी सुळा सरळ करण्यात घालवले नाहीत. त्यांना एकच प्रश्न पडला होता: कुणी चांगलं म्हटलं, तर नक्की करायचं काय असतं?

घरी जेवताना बायको म्हणाली, “आज भाजी मस्त चिरलीत हो, सगळे तुकडे एकसारखे.” काकांनी ठरवलं, आता झटकायचं नाही. “थँक्यू! खरंच थँक्यू! तुझ्यासारखीने असं म्हणावं म्हणजे केवढं! किती बरं वाटलं सांगू!” बायकोने घास खाली ठेवला. “ताप आलाय का? भाजीच चिरलीत ना?” त्यानंतर जेवण होईपर्यंत ती त्यांच्याकडे संशयानेच बघत होती. म्हणजे हेही चुकलं. आधी समोरच्याला स्वतःचे शब्द परत गिळावे लागायचे, आता बायकोला आपलीच काळजी करत बसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ते काहीतरी निमित्त काढून रिसेप्शनच्या कोपऱ्यात जाऊन बसले. तिथल्या ताईंचं कौतुक दिवसातून दोन-तीनदा व्हायचंच. एक आजोबा म्हणाले, “तुम्ही फोनवर इतकं नीट समजावलंत, की माझी भीतीच गेली.” ताईंनी पेन खाली ठेवलं, वर पाहिलं, आजोबांचं वाक्य संपू दिलं. मग म्हणाल्या, “हे ऐकून बरं वाटलं. फोनवर घाईत बोललं की माणूस घाबरतो, म्हणून मी सावकाश सांगते.” आजोबा खूश झाले. ताईंनी पुढची फाईल उचलली. सगळं आठ-दहा सेकंदांत आटोपलं.

थोड्या वेळाने एक बाई म्हणाली, “खुर्च्या किती छान मांडल्यात तुम्ही!” ताई म्हणाल्या, “छान दिसतात ना? पण ते सफाईच्या मावशींचं डोकं. त्यांना सांगते, खूश होतील.” आणि खरंच आत जाऊन सांगून आल्या.

काकांना राहवलं नाही. “ताई, तुम्हाला लाज नाही वाटत? म्हणजे तसं नाही...”

ताई खळखळून हसल्या. “वाटायची की! पण काका, आजोबा सांगत होते ते त्यांच्या भीतीबद्दल होतं. ‘त्यात काय एवढं’ म्हटलं असतं, तर त्यांची भीतीच फालतू ठरली असती. जे मी केलंय ते केलं म्हणायचं, जे दुसऱ्याचं आहे ते दुसऱ्याचं म्हणायचं. एवढंच.”

“आणि उलट त्यांचं काहीतरी कौतुक करावं असं नाही वाटत?”

“लगेच केलं की ते परतफेडीसारखं वाटतं. मग कधीतरी, खरंच काही आवडलं तर करते.”

काका खोलीत परतले, पण बराच वेळ त्यांच्या हातात चिमटा तसाच होता. आजवर किती जणांची वाक्यं आपण अर्ध्यावर तोडली असतील, हे मोजायचा त्यांनी प्रयत्न केला आणि सोडून दिला.

शनिवारी बाई आल्या. काकांनी त्यांच्यासमोर कवळी ठेवली आणि शेजारी तो जुना फोटो.

“मी त्या दिवशी खोटं बोललो,” ते म्हणाले. “हा सुळा चुकून वाकडा झालेला नाही. हा तुमचा सुळा आहे, बघा. सरळ हवा असेल तर आजच करून देतो. पण आधी हे बघा.”

बाईंनी फोटो हातात घेतला. मग कवळी घातली आणि आरशात पाहिलं. फोटो, आरसा, पुन्हा फोटो. हसू सावकाश फुटलं आणि पार डोळ्यांपर्यंत गेलं.

“अगं बाई! मी तर विसरलेच होते. आई म्हणायची, हा दात फार भांडखोर आहे, शेजाऱ्याच्या अंगावर चढतो.” त्या वळल्या. “काय सुंदर काम केलंत तुम्ही!”

काकांचे कान तापलेच. ‘छे’ अगदी जिभेच्या टोकावर आला होता. तो त्यांनी आवंढ्याबरोबर गिळला, बाईंकडे पाहिलं आणि त्यांचं बोलणं पुरतं संपलं का याची खात्री केली.

“हे ऐकून खूप बरं वाटलं,” ते म्हणाले. “त्या एका सुळ्यावर मी पूर्ण दुपार बसलो होतो. मलाही तो आवडलाय.”

एवढं बोलून ते थांबले. आश्चर्य म्हणजे, आणखी काही बोलायची गरजच पडली नाही. बाई स्टूल ओढून बसल्या आणि तिरका कोन कसा मोजला, मेण किती गरम लागतं, हे विचारू लागल्या. काकांना एवढे प्रश्न आजवर कुणी विचारले नव्हते. त्यांनी साचा काढला, चिमटा काढला, आणि बाईंना स्वतःच्या हाताने मेणात एक दात बसवायला दिला. तो बराच तिरपा बसला.

“पहिल्याच वेळी मेणात पक्का बसला की!” काका म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटलं होतं.

“हो ना?” बाई म्हणाल्या. “शाळेत खडू धरायचे तसा धरला.”