पेनल्टी कुणी अडवली?

उत्कृष्ट प्रशिक्षकाचा पुरस्कार मिळाला आणि मुलींच्या फुटबॉल संघाच्या कोचबाई हवेतच गेल्या! परतीच्या टेम्पोत त्यांनी पोस्ट वाचून दाखवली: “माझ्या कष्टांचं चीज झालं. सर्वांचे आभार.”

टेम्पो चालवणारी गोलकीपरची आई भडकली. “पेनल्टी तुम्ही अडवलीत? उद्यापासून मुलींना तुम्हीच आणा!”

बाई चिडल्या, पण त्यांनी नव्याने लिहून वाचून दाखवलं: “मला पुरस्कार मिळाला. फायनलची पेनल्टी गोलकीपरने अडवली. तिची आई रोज संघाला मैदानावर पोचवते. माळीदादा भर उन्हात मैदान आखतात. मी तर निमित्त.”

“शेवटचं वाक्य खोडा. नम्रपणा मिरवताय,” आई म्हणाली.

बाईंनी खोडलं. मुलींनी एकच कल्ला केला.

आईने हॉर्न ठोकला. “उद्या सरावाला किती वाजता निघायचं?”